एक दृश्य, दोन पानं: पटकथेचा प्रवेश नीट मांडताना

मे महिन्यात एका पटकथा कार्यशाळेने अर्ज मागवले. पूर्ण पटकथा नको होती, फक्त एक दृश्य हवं होतं, जास्तीत जास्त तीन पानांचं. शेवटची तारीख ३० जून. मी कथा लिहिते, पण पटकथा कधी कागदावर मांडली नव्हती. आता ते काम पार पडलं आहे, म्हणून मधल्या सगळ्या पायऱ्या इथे लिहून ठेवते. पहिल्यांदा करणाऱ्याला नेमकं कुठे अडायला होतं ते मला ताजं आठवतं आहे.

अर्जासोबत सूचनांचं एक पान होतं. दृश्य पीडीएफमध्ये हवं, मराठी देवनागरीत चालेल, पण फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड केलेला हवा. दुसऱ्या पानापासून पानांवर क्रमांक हवेत. कॅमेऱ्याच्या सूचना नकोत. लेखकाचं नाव फक्त अर्जात असेल, पटकथेच्या पानांवर किंवा फाइलच्या नावात कुठेही नको, कारण वाचणाऱ्यांना लेखक कोण ते कळू द्यायचं नव्हतं. आणि शेवटचं वाक्य: ‘जे पडद्यावर दिसणार किंवा ऐकू येणार नाही, ते लिहू नये.’ मी ते पान छापून भिंतीवर लावलं. छपाईचा खर्च सोडला तर या सगळ्या प्रकरणात मला पैसे मोजावे लागले नाहीत, कारण सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

दृश्याची कल्पना माझ्याकडे होती. सुमित्रा, वय बासष्ट, एकटी राहते. तिची नजर अधू होत चालली आहे आणि ती ते मुलापासून लपवते आहे. मुलगा निखिल बऱ्याच महिन्यांनी भेटायला येतो आणि त्याला ते कळतं. बस, एवढंच. पहिला खर्डा मी कथेसारखा सलग लिहून काढला:

‘सुमित्रा स्वयंपाकघरात आहे. गेल्या वर्षभरात तिची दृष्टी कमी होत गेली आहे, पण मुलाला काळजी नको म्हणून तिने ते लपवून ठेवलं आहे. निखिल खूप महिन्यांनी आला आहे आणि त्याला थोडं अपराधी वाटतं आहे. सुमित्रा त्याला पाणी देते. आता त्याला कळेल, अशी भीती तिच्या मनात आहे.’

माझी एक मैत्रीण चित्रपटांवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते. हा खर्डा मी तिला दाखवला. तिने पेन्सिल घेतली आणि एकेका वाक्यापाशी थांबून विचारलं, “अगं, यात कॅमेरा कशावर लावू?” ज्या वाक्याला उत्तर नव्हतं, त्याच्याखाली रेघ. ‘वर्षभरात कमी होत गेली’, रेघ. ‘लपवून ठेवलं आहे’, रेघ. अपराधीपणा, भीती, महिने, सगळ्यांखाली रेघा. शेवटी उरलं काय, तर एक बाई स्वयंपाकघरात आहे आणि ती मुलाला पाणी देते. तेवढं चित्रित होऊ शकत होतं.

त्या दिवशी मला पटकथेचा साचा पहिल्यांदा समजला. तोवर मला वाटायचं की समास, मोठे ठसे, मध्ये येणारी नावं हा व्यवसायाचा शिष्टाचार आहे, लिखाण झाल्यावर चढवायचा. तसं नाही. साच्यात मोजक्याच जागा आहेत. दृश्याचं शीर्षक सांगतं की आपण कुठे आहोत आणि केव्हा. कृतीच्या ओळींत येतं ते फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं. नावाखाली येतं ते पात्राच्या तोंडचं. मनातलं लिहायला साच्यात जागाच ठेवलेली नाही. म्हणून मी साचा आधी लावायचा ठरवला आणि दृश्य त्याच्या आत लिहायला घेतलं.

मोजमापं अशी आहेत. मूळ पद्धत टाइपरायटरच्या काळातली. अक्षर कुरिअर, बारा पॉइंटचं, ज्यात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं असतं आणि एका इंचात दहा अक्षरं बसतात. डावीकडे दीड इंच समास, कारण पानं तिथे भोकं पाडून बांधतात. बाकी तिन्ही बाजूंना साधारण एक इंच. शीर्षक आणि कृती डाव्या समासापासून सुरू होतात. संवाद कागदाच्या डाव्या कडेपासून अडीच इंचांवर सुरू होतो आणि साधारण साडेतीन इंच रुंद असतो. पात्राचं नाव त्याहून आत, पावणेचार इंचांच्या आसपास. या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावर अंदाजे एक मिनिट, असा हिशोब धरतात. एकेका पानाचा तो खरा उतरत नाही, पण अख्ख्या पटकथेला सरासरीने बऱ्यापैकी लागू पडतो.

ही मापं हाताने लावत बसू नका. मी साध्या मजकुरात लिहायची फाउंटन नावाची पद्धत वापरली. ती २०१२ साली आली आणि बरीच मोफत सॉफ्टवेअर ती वाचतात. तुम्ही साधा मजकूर लिहायचा, सॉफ्टवेअर ओळखतं की शीर्षक कुठलं आणि संवाद कुठला, आणि पीडीएफ करताना समास आपोआप लागतात.

मात्र देवनागरीत लिहिणाऱ्याला इथे एक अडचण येते आणि तिचं उत्तर मला सहज सापडलं नाही. फाउंटन पात्राचं नाव ओळखतं ते सगळी अक्षरं कॅपिटल आहेत यावरून. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. त्यामुळे ‘सुमित्रा’ ही ओळ आणि तिच्याखालचा संवाद, दोन्ही कृती म्हणून डावीकडे चिकटतात. उपाय एका चिन्हाचा आहे. नावाआधी `@` लिहायचं. शीर्षक आतल्या जागेसाठी `INT.` किंवा बाहेरच्या जागेसाठी `EXT.` ने सुरू केलं तर पुढचं सगळं देवनागरीत असलं तरी ओळखलं जातं. शीर्षकही पूर्ण मराठीत हवं असेल तर ओळीच्या आधी एक टिंब द्यायचं. दोन्ही चिन्हं पीडीएफमध्ये दिसत नाहीत.

```
.अंतर्गत. सुमित्राचं घर, स्वयंपाकघर - दिवस

@सुमित्रा
बस. पाणी आणते.
```

माझ्या सूचनापत्रात शीर्षकाच्या भाषेबद्दल काही म्हटलं नव्हतं. मी `INT.` ठेवलं, कारण मैत्रिणीच्या मते युनिटमधल्या सगळ्यांच्या डोळ्यांना त्याची सवय असते. मराठी शब्द वापरले तरी बिघडत नाही. बिघडतं ते एका शीर्षकात ‘स्वयंपाकघर’ आणि पुढच्या शीर्षकात ‘किचन’ लिहिल्याने. सहायक दिग्दर्शक शीर्षकांवरूनच चित्रीकरणाचं वेळापत्रक लावतात आणि नाव बदललं की यादीत ती दोन वेगळी ठिकाणं होतात. वेळेचंही तसंच. मी आधी ‘उतरती दुपार’ लिहिलं होतं. ती म्हणाली, “शीर्षकात दिवस की रात्र एवढंच सांग. उन्हाची तिरीप हवी असेल तर कृतीत लिही, मला ती तिथे दिसेल.” दृश्य कितीही छोटं असलं तरी जागा किंवा वेळ बदलली की नवं शीर्षक द्यायचं. त्यामुळे निखिल जिन्यावरून येतो तो भाग मी काढून टाकला. त्यासाठी वेगळं शीर्षक, वेगळं ठिकाण आणि वेगळी प्रकाशयोजना लागली असती, आणि मिळत काहीच नव्हतं.

जूनचा पहिला आठवडा असाच साच्यात गेला. आता खरा प्रश्न होता: नजर अधू असणं दिसतं कसं?

याचं उत्तर टेबलाशी बसून सापडेना. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची दृष्टी बरीच गेलेली आहे. मी त्यांना भेटायला गेले आणि कशासाठी आले तेही मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी अगदी सहज दाखवलं. पेला भरताना त्या तर्जनी पेल्याच्या आत, काठाच्या जरा खाली धरतात. पाणी बोटाला लागलं की ओतणं थांबवायचं. घरातलं सामान त्या जागचं हलू देत नाहीत, कारण ओळखीची वाट पावलांना पाठ असते. आणि समोरचा माणूस आवाज न करता हलला, तर त्या तो आधी होता त्या दिशेलाच बघत बोलत राहतात. “घरात मला काही अडत नाही हो,” त्या म्हणाल्या. “कुणी पाहुणा आला की अडतं, तो खुर्ची सरकवून जातो.”

दृश्य मला तिथेच मिळालं. निखिल येतो आणि नकळत स्टूल सरकवतो. लपवलेली गोष्ट उघडी पडायला कुणी काही बोलायची गरजच उरली नाही.

पण दुसरा खर्डा वेगळ्याच बाजूला कलला. आता सगळं दिसतंच दाखवायचं म्हणून मी प्रत्येक हालचाल टिपायला लागले. ‘सुमित्राची पापणी किंचित थरथरते. ओठ विलग होतात. ती खोल श्वास घेते. निखिलच्या कपाळावर आठी उमटते. तो आवंढा गिळतो.’ हे सगळं कॅमेऱ्याला दिसतं, त्यामुळे नियमात बसतं. पण वाचताना दृश्य अडखळत होतं. शिवाय पापणी कधी हलवायची हे नट स्वतः ठरवतो. पटकथा वाचणारेही अशा ओळींवरून भराभर पुढे सरकतात आणि त्या गर्दीत कामाची हालचाल हरवते.

चाळायला मी एक कसोटी वापरली. ओळ झाकायची आणि पुढची ओळ वाचायची. पुढची ओळ तरीही उभी राहत असेल, तर झाकलेली ओळ काढायची. पापणी काढली, काही बिघडलं नाही. आवंढा काढला, काही बिघडलं नाही. स्टूल सरकवल्याची ओळ काढली तर गुडघा कशावर आदळला तेच कळेना. तर्जनीची ओळ काढली तरी पुढचं पडत नव्हतं, पण तिच्याशिवाय आदळणं नुसता अपघात वाटला असता. ती आधी दिसली तरच प्रेक्षक निखिलच्या एक पाऊल पुढे राहतो. म्हणून ती ठेवली. कसोटी शंभर टक्के यांत्रिकपणे वापरता येत नाही ती अशी.

क्रियापदांवरही बराच वेळ गेला. पटकथा वर्तमानकाळात लिहितात, हे मला माहीत होतं. पण ‘निखिल स्टूल सरकवायला लागतो’, ‘ती चालत असल्यासारखी दिसते’ अशी वाक्यं मराठीत फार सहज येतात. ‘लागतो’ म्हटलं की वाचणारा वाट बघतो की कृती मध्येच तुटणार. तुटणार नसेल तर ‘सरकवतो’ पुरे. ‘हळूच ठेवतो’, ‘जोरात ठेवतो’ यांच्याऐवजी ‘टेकवतो’, ‘आदळतो’ असे शब्द शोधले की क्रियाविशेषण आपोआप गळतं. मराठीत अशी क्रियापदं भरपूर आहेत: सारणं, रेटणं, चाचपणं, ढकलणं, निरखणं. प्रत्येकाचं चित्र वेगळं आहे. ‘ती टेबल शोधते’ आणि ‘ती टेबल चाचपते’ यांत दुसऱ्या वाक्याने अर्धी गोष्ट सांगून टाकली. शेवटी मी ते वाक्यही वापरलं नाही, कारण चाचपलं असतं तर निखिलला लगेच कळलं असतं. सुमित्रा लपवणारी आहे. ती चाचपणार नाही, ती पावलं मोजेल.

पात्राच्या नावाखाली कंसात येणाऱ्या सूचना आधी तीन-चार होत्या: (रडवेल्या आवाजात), (सावरून घेत), (काळजीने). सगळ्या काढल्या. मुलगा ‘आई!’ म्हणून धावतो तेव्हा काळजी वेगळी सांगावी लागत नाही. कंस ठेवावा तो संवाद उलट अर्थाने म्हणायचा असेल किंवा कुणाला उद्देशून आहे ते कळत नसेल तेव्हा. माझ्या दृश्यात तसा एकही संवाद नव्हता.

निखिलचा आवाज तो दिसायच्या आधी ऐकू यायला हवा होता. त्यासाठी नावापुढे कंसात खूण करतात. माणूस त्याच ठिकाणी आहे पण चौकटीत दिसत नाही, तेव्हा `(O.S.)`. निवेदन असेल किंवा माणूस त्या ठिकाणी नसेलच, तेव्हा `(V.O.)`. निखिल दाराबाहेरच उभा आहे, म्हणून पहिली. फोनवरून पलीकडून बोलणाऱ्याला सहसा दुसरी लावतात.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दृश्याचा पूर्वार्ध असा झाला:

```
INT. सुमित्राचं घर, स्वयंपाकघर - दिवस

खिडकीपाशी टेबल. टेबलाला लागून एक स्टूल.

**सुमित्रा** (६२) ओट्याशी उभी. ती जगमधलं
पाणी पेल्यात ओतते. डाव्या हाताची तर्जनी
पेल्याच्या आत. पाणी बोटाला लागतं. ती थांबते.

@निखिल (O.S.)
आई? दार उघडंच आहे.

सुमित्रा बोट पदराला पुसते.

**निखिल** (३५) आत येतो. खांद्यावर जड बॅग.
पायाने स्टूल मागे सारतो, बॅग टेबलावर टेकवतो.

स्टुलाच्या जागी फरशीवर चार गोल डाग.

@सुमित्रा
बस. पाणी आणते.

ती पेला घेऊन वळते. नजर समोर खिडकीकडे.
एक पाऊल. दोन. तीन.

गुडघा स्टुलावर आदळतो. पेला फुटतो.
```

‘सुमित्रा बोट पदराला पुसते’ ही माझी सगळ्यात आवडती ओळ आहे. आवाज ऐकल्यावर ती पुरावा पुसते. ‘ती लपवते आहे’ हे पहिल्या खर्ड्यातलं रेघ पडलेलं वाक्य या चार शब्दांत परत आलं, आणि आता कॅमेरा कशावर लावायचा तेही कळतं.

नावं पहिल्यांदा येतात तिथे इंग्रजीत कॅपिटल अक्षरं वापरतात. देवनागरीत मी ती ठळक केली, मागेपुढे दोन-दोन तारे देऊन, आणि पुढे दृश्यभर साधी ठेवली. हा माझा तोडगा आहे, नियम नाही. पण एकदा स्वीकारला की शेवटपर्यंत पाळायचा, म्हणजे नवीन नट कुठे लागतो ते पान चाळतानाच दिसतं.

‘फरशीवर चार गोल डाग’ ही एकच गोष्ट वेगळ्या परिच्छेदात का, हे सांगायला हवं. कॅमेऱ्याच्या सूचना द्यायला मनाई होती, म्हणून ‘डागांचा क्लोज-अप’ असं लिहिता येत नव्हतं. आधी ते वाक्य स्टूल सारण्याच्या परिच्छेदातच होतं आणि मैत्रिणीने वाचताना ते चक्क गाळलं. मी फक्त मध्ये एक रिकामी ओळ सोडली. पुढच्या वाचनात ती तिथे थबकली. नवा परिच्छेद म्हणजे नवी चौकट, असं वाचणाऱ्याचं मन आपोआप धरतं. एका परिच्छेदात तीन-चार ओळींपेक्षा जास्त कृती ठेवू नये असं सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. ओळी मोजण्यापेक्षा मी प्रत्येक परिच्छेदाला विचारते की यात चित्रं किती. जिथे डोळ्याने एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर जायचं आहे, तिथे तोडते. पावलांचंही तसंच. ‘ती तीन पावलं चालत जाते’ हे एका श्वासात संपतं. पावलं सुटी केली की वाचणारा तिच्यासोबत मोजतो.

उत्तरार्धात मी आधी दोघांचं मोठं बोलणं लिहिलं होतं. ‘आई, तुला दिसत नाही?’ ‘अरे, वयाचं असतंच.’ त्यात दृश्य पुन्हा सांगायला लागलं. मग निखिलला मी एक कृती दिली. पेला फुटल्यावर सुमित्रा रागावते, पण बघत असते भिंतीकडे. निखिलला शंका येते. तो न बोलता खिशातला रुमाल तिच्यासमोर धरतो.

```
@सुमित्रा
हे मध्ये कुणी आणलं?

ती भिंतीकडे बघत बोलते. निखिल तिच्या
डावीकडे उभा.

तो खिशातून रुमाल काढतो. न बोलता तिच्यासमोर
धरतो.

सुमित्रा ओले हात साडीला पुसते.

रुमाल तसाच. निखिल तो खिशात ठेवतो.

@निखिल
मीच. थांब, हलू नकोस, काचा आहेत.

तो स्टूल उचलतो. टेबलापाशी नेतो. चारही पाय
डागांवर येईपर्यंत सरकवतो.
```

त्याला कळलं, हे शेवटच्या दोन कृतींत आहे. आणि तिला कळलं की त्याला कळलं? तिने स्टूल सरकल्याचा आवाज ऐकलेला आहे, एवढंच लिहिता येतं. त्यापुढचं मी मोकळं सोडलं.

दाखवायचं याला मर्यादा आहेत, हे इथे जाणवलं. ‘बऱ्याच महिन्यांनी आला आहे’ ही माहिती मला कुठल्याच कृतीत बसवता आली नाही. भिंतीवर जुनं कॅलेंडर लावून बघितलं, पण ते भलतंच काही सुचवायला लागलं. शेवटी माहितीच सोडून दिली. दृश्याला ती लागत नव्हती. लागली असती तर एका साध्या संवादात सांगून टाकली असती. कधीकधी सांगणं हाच छोटा रस्ता असतो. पात्राची ओळख करून देताना एखादं न दिसणारं विशेषण लिहिलेलंही अनुभवी लोकांच्या पटकथांत दिसतं, कारण त्याचा नट निवडताना उपयोग होतो.

शेवटचा आठवडा तांत्रिक कामांत गेला आणि तो आधीच हाताशी ठेवला होता ते बरं झालं. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. पीडीएफ करताना सॉफ्टवेअर दुसरा फॉन्ट उचलतं, आणि काही वेळा जोडाक्षरं सुटी पडतात किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. मी मुक्ता हा मोफत फॉन्ट निवडून पुन्हा पीडीएफ केली आणि ती संगणकावर, फोनवर आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघितली. ‘निखिल’, ‘सुमित्रा’, ‘स्टूल’ हे तीन शब्द नीट दिसले की बाकी सगळं सहसा नीट असतं. देवनागरीला वरखाली मात्रांसाठी जागा लागते आणि अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे पान म्हणजे मिनिट हा हिशोब आपल्याकडे जसाच्या तसा धरू नये. मी दृश्य घड्याळ लावून, हालचाली करत वाचलं. दोन पानांना अडीच मिनिटांच्या आसपास लागली. कागदाचा आकारही सूचनांत आहे का ते बघा. अमेरिकी लेटर आकारापेक्षा ए-फोर किंचित लांब असतो आणि पानं मोजून द्यायची असतील तर तेवढ्यानेही फरक पडतो.

नावाची अटही दिसते त्यापेक्षा खोल आहे. पानांवरून आणि फाइलच्या नावातून माझं नाव काढलं होतं, पण पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून संगणकाने ते परस्पर घातलेलं होतं. फाइल उघडून प्रॉपर्टीज बघा, तिथलं नाव पुसा, मगच पाठवा. अर्जाच्या रकान्यात दृश्याचं नाव आणि पीडीएफवरचं नाव अक्षरशः एकच हवं होतं, एका अनुस्वाराचाही फरक नको. मी २७ जूनला पाठवलं. पोच लगेच आली, त्यात एक क्रमांक होता, तो जपून ठेवला.

मग जुलै आणि ऑगस्ट शांत गेले. या काळात मला सारखं ते दृश्य उघडून बदलावंसं वाटत होतं. ते दाबायला मी दुसऱ्या दृश्यांचे खर्डे केले.

सप्टेंबरच्या मध्याला उत्तर आलं. दृश्य पुढच्या फेरीत घेतलं होतं आणि सोबत वाचकांचे दोन शेरे होते. पहिला असा, की ‘पेला फुटतो’ नंतर काचा कुठे आहेत ते न सांगता निखिल चालतो, मग स्टूल उचलताना तो त्यांवर पाय देतो का? खरंच, कागदावर तो काचांवरून चालत होता. प्रत्यक्ष सेटवर हा प्रश्न पहिल्याच तालमीत आला असता. दुसरा शेरा रुमालाबद्दल होता. सुमित्राला रुमाल दिसला नाही, की दिसून नाकारला, हे वाचताना नक्की कळत नाही. ती रागावलेली आहे, त्यामुळे दुसरा अर्थही लागतो.

हा शेरा मला फार मोलाचा वाटला. दाखवलेली कृती दोन तऱ्हांनी वाचता येत असेल, तर उत्तर स्पष्टीकरणाची ओळ घालणं हे नाही. दुसरा अर्थ बंद होईल अशी कृती शोधायची. बरेच पर्याय करून बघितले. शेवटी क्रम बदलला: सुमित्राच आधी हात पुढे करते आणि कापड मागते. निखिल रुमाल तिच्या हातापासून वीतभर अंतरावर धरतो. तिचा हात रिकामाच थांबतो. आता रागावून नाकारलं, असं म्हणता येत नाही, कारण मागितलंय तिनेच.

```
@सुमित्रा
काहीतरी दे पुसायला.

ती हात पुढे करते.

निखिल खिशातून रुमाल काढतो. तिच्या हातापासून
वीतभर अंतरावर धरतो. बोलत नाही.

तिचा हात तसाच.

@सुमित्रा
अरे, दे ना.
```

काचांसाठी पेला फुटूच दिला नाही. तो आता स्टीलचा आहे, पडतो आणि घरंगळत ओट्याखाली जातो. आवाज तेवढाच होतो आणि निखिलला चालायला जागा राहते. ‘काचा आहेत’ हा संवाद गेला, त्याच्या जागी नुसतं ‘मीच. थांब, हलू नकोस’ उरलं. सुधारित दृश्य मागितलेल्या तारखेच्या आत पाठवलं, पीडीएफच्या गुणधर्मांतलं नाव पुन्हा एकदा पुसून, कारण नवीन फाइल केली की ते परत येतं. पुढच्या फेरीसाठी आणखी दोन दृश्यं मागितली आहेत. त्यातलं एक फोनवरचं संभाषण आहे, दोन ठिकाणी, म्हणजे दोन शीर्षकं, आणि दोघांपैकी कुणाला कधी दाखवायचं हे ठरवायचं काम सध्या चालू आहे.